समसंबंधात शेवटी दोन पर्याय उरतात आणि नेमका चुकीचाच निवडला जातो: दोष कुठे असतो आणि तो कसा काढायचा

बुद्धिमत्ता चाचणीतल्या समसंबंधाच्या प्रश्नांबद्दल एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते. चारपैकी दोन पर्याय सहज गळतात, उरलेल्या दोघांत घोळ होतो, त्यातला एक निवडला जातो आणि उत्तरतालिकेत दुसराच निघतो. स्पष्टीकरण वाचलं की वाटतं, हे तर मला माहीत होतं. आणखी दोनशे प्रश्न सोडवले तरी चूक त्याच जागी होत राहते, कारण ती सरावाच्या कमतरतेची नसते. ती पर्यायांकडे बघण्याच्याही आधी होऊन गेलेली असते. पहिल्या जोडीतला संबंध मनात अंदाजाने धरलेला असतो, शब्दांत मांडलेला नसतो.

हे एका प्रश्नावर नीट बघू.

शिंपी : सुई :: गवंडी : ?
(1) विटा (2) थापी (3) भिंत (4) बिगारी

बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं ते असं: शिंपी सुई वापरतो. मग नजर पर्यायांवर जाते. गवंडी विटा वापरतो. बरोबर वाटतं. पर्याय पहिलाच आहे, वेळ कमी आहे, गोल काळा होतो आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. जो थोडा थांबतो त्याला थापीसुद्धा दिसते. गवंडी थापी वापरतो, हेही खरंच. आता दोन पर्याय उरले. इथे माणूस 'जास्त जवळचं काय वाटतं' असा विचार करू लागतो आणि प्रश्न हातातून निसटतो. विटांशिवाय गवंड्याचं काम डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून विटा जवळच्या वाटतात. पण जवळीक मोजायला प्रश्नाने सांगितलेलंच नाही.

दोष 'वापरतो' या शब्दात आहे. शिंपी सुई वापरतो, दोरा वापरतो, कापड वापरतो, शिलाई मशीन वापरतो. एवढ्या सगळ्यांना लागू होणारा शब्द सुईबद्दल नेमकं काहीच सांगत नाही. म्हणून वाक्य पुन्हा करायचं: शिंपी सुई हातात धरून काम करतो आणि काम संपलं की सुई त्याच्याकडेच राहते, कपड्यात जात नाही. म्हणजे ते त्याच्या कामाचं हत्यार आहे. हेच वाक्य चारही पर्यायांवर चालवा. विटा भिंतीत जातात, गवंड्याकडे राहत नाहीत, म्हणून बाद. थापी हातात धरतो आणि संध्याकाळी धुऊन घरी नेतो, म्हणून ती टिकली. भिंत हे काम संपल्यावर तयार झालेलं आहे, हत्यार नव्हे. बिगारी माणूस आहे, मदतनीस आहे. उत्तर थापी, आणि आता त्यात 'वाटतं' असं काही उरलेलं नाही.

आता एक प्रयोग करा. पर्याय तेच ठेवा आणि फक्त पहिली जोडी बदला. 'शिंपी : कापड' असं असतं तर वाक्य झालं असतं, 'शिंपी ज्या मालापासून वस्तू बनवतो तो माल म्हणजे कापड', आणि उत्तर विटा आलं असतं. 'शिंपी : सदरा' असतं तर उत्तर भिंत. 'शिंपी : काजबटण करणारा' असतं तर बिगारी. चारही पर्यायांचं गवंड्याशी खरं नातं आहे, फक्त प्रत्येकाचं नातं वेगळं आहे. चांगला प्रश्न असाच बनवलेला असतो. त्यामुळे 'या पर्यायाचा तिसऱ्या शब्दाशी संबंध आहे का' हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. उत्तर नेहमी 'आहे' असंच येतं. विचारायचं ते हे, की माझं वाक्य या पर्यायावर जसंच्या तसं खरं ठरतं का.

वाक्य कसं करायचं

पर्याय हाताने झाका. हे अक्षरशः करा, निदान पहिले काही आठवडे. पर्याय समोर असले की मन आधी उत्तर पसंत करतं आणि मग त्याला शोभेल असं नातं शोधून काढतं. झाकलेल्या पर्यायांपुढे तसं करता येत नाही.

मग पहिल्या जोडीतले दोन्ही शब्द, दिलेल्या क्रमाने, एका वाक्यात बसवा. त्यात 'संबंधित आहे', 'वापरतो', 'लागतो', 'असतो' यांपैकी काही आलं तर ते वाक्य कच्चं समजा. ही क्रियापदं कुठेही बसतात. त्याऐवजी 'मोजतो', 'बनवतो', 'काठावर वसलं आहे', 'पिल्लू आहे', 'कमी जोराचं रूप आहे' अशी नेमकी क्रिया किंवा नेमकं नातं हवं.

वाक्य झालं की चारही पर्यायांवर चालवा. पहिला बसला म्हणून थांबू नका. पहिला बसल्यावर थांबणाऱ्याला आपलं वाक्य सैल होतं हे कधी कळतच नाही, कारण ते कळण्याचा एकच मार्ग असतो: दुसराही पर्याय बसणं. वरच्या प्रश्नात विटा पहिल्या क्रमांकावर होत्या हे लक्षात घ्या.

वेळेची काळजी वाटत असेल तर हिशेब सरळ आहे. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत 100 प्रश्नांना 90 मिनिटं मिळतात, म्हणजे प्रश्नामागे 54 सेकंद. मनातल्या मनात एक वाक्य करून ते चार वेळा म्हणायला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. वेळ जातो तो दोन पर्यायांमध्ये घुटमळण्यात.

दोन पर्याय टिकले तर

याचा अर्थ वाक्य सैल आहे. पर्यायांकडे अधिक निरखून बघायचं नाही, परत पहिल्या जोडीकडे जायचं आणि एकच गोष्ट विचारायची: प्रश्न काढणाऱ्याने इथे हाच शब्द का ठेवला, त्याच्या शेजारचा का नाही?

रेडकू : म्हैस :: कोकरू : ?
(1) मेंढा (2) मेंढी (3) शेळी (4) कळप

'रेडकू हे म्हशीचं पिल्लू' एवढंच म्हटलं आणि मनात 'पिल्लू आणि प्राणी' असं धरलं, तर मेंढा आणि मेंढी दोन्ही टिकतात. आता विचारा, पहिल्या जोडीत रेडा का ठेवला नाही? म्हैस ही मादी आहे. म्हणजे वाक्य 'रेडकाची आई म्हैस' असं हवं. कोकराची आई मेंढी. शेळी दोन्ही वाक्यांत बाद होते, तिचं पिल्लू करडू.

शेजारचा शब्द शोधण्याची ही सवय एकदा लागली की बरेच घोळ तिथेच मिटतात. पण शब्दाइतकाच त्यांचा क्रमही काही सांगत असतो, आणि तो मुलं सर्रास विसरतात. हा प्रश्न बघा, यात पर्यायही जोड्यांचे आहेत.

झुळूक : वादळ :: ?
(1) मुसळधार : रिमझिम (2) पाऊस : पूर (3) रिमझिम : मुसळधार (4) ढग : पाऊस

'लहान आणि मोठं' असं म्हणून गेलात तर पहिला, दुसरा, तिसरा असे तिन्ही अडकतात. 'एकातून दुसरं होतं' असं धरलंत तर दुसरा आणि चौथा. इथे प्रत्येक चुकीच्या वाक्यासाठी एक पर्याय तयार ठेवलेला आहे. नेमकं वाक्य असं: झुळूक हा मंद वारा आणि वादळ हा अतिशय जोराचा वारा, म्हणजे एकाच गोष्टीचं आधी सौम्य आणि मग तीव्र रूप. पूर म्हणजे जोराचा पाऊस नव्हे. पूर हा पावसाचा परिणाम, म्हणून दुसरा गेला. ढग म्हणजे मंद पाऊस नव्हे, चौथा गेला. पहिल्यात नातं बरोबर आहे पण क्रम उलटा आहे. राहिला तिसरा.

क्रम उलटा असलेला पर्याय हा सर्वांत फसवा असतो, कारण त्यात नातं खरंच तेच असतं आणि ओळखीचा आनंद झाल्यावर माणूस पुढे तपासत नाही. म्हणून वाक्य म्हणताना शब्दांची जागा बदलू नका. 'उसापासून गूळ बनवतात' हे वाक्य केलं असेल आणि पर्यायात 'तेल : शेंगदाणा' असेल, तर 'तेलापासून शेंगदाणा बनवतात' असंच म्हणायचं. ते कानालाच खटकतं. 'शेंगदाण्यापासून तेल' असं मनात सुलटं करून म्हटलंत तर चूक लपते.

इथे एक अपवाद सांगायला हवा. काही शिष्यवृत्ती परीक्षांत निवडक प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि दोन्ही नोंदवल्याशिवाय गुण मिळत नाहीत. अशा प्रश्नात दोन पर्याय टिकणं हा दोष नाही, तशी सूचना प्रश्नासोबत वाचून घ्यावी. ती सूचना नसेल तर मात्र दोन टिकले म्हणजे वाक्य घट्ट करायचं राहिलं आहे.

एकही पर्याय टिकला नाही तर

हे उलट दुखणं आहे आणि ते हुशार मुलांना जास्त होतं. ज्याला माहिती भरपूर, तो वाक्यात गरजेपेक्षा जास्त भरतो.

नाशिक : गोदावरी :: पंढरपूर : ?
(1) कृष्णा (2) तापी (3) भीमा (4) पूर्णा

एखादा विद्यार्थी म्हणेल, नाशिक हे असं तीर्थक्षेत्र आहे जिथे गोदावरीच्या काठी कुंभमेळा भरतो. पंढरपूरला कुंभमेळा भरत नाही, वारी भरते. दुसरा म्हणेल, गोदावरी नाशिक जिल्ह्यातच ब्रह्मगिरीवर उगम पावते. भीमा मात्र पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला उगम पावते आणि पंढरपूर सोलापूर जिल्ह्यात. दोघांचीही वाक्यं पहिल्या जोडीबद्दल खरी आहेत, पण चारही पर्यायांवर ती खोटी ठरतात.

अशा वेळी सगळं वाक्य फेकून नवीन सुरू करू नका. त्यातली एकेक अट काढत जा आणि प्रत्येक वेळी पर्याय तपासा. कुंभमेळा काढला, उगम काढला, उरलं 'नाशिक हे गोदावरीच्या काठावर वसलेलं तीर्थक्षेत्र'. पंढरपूर भीमेच्या काठावर वसलेलं तीर्थक्षेत्र. तिसरा पर्याय बसतो, बाकीचे बसत नाहीत. इथेच थांबायचं. आणखी सैल करून 'महाराष्ट्रातलं गाव आणि महाराष्ट्रातली नदी' इथवर गेलात तर चारही पर्याय आत येतील. ज्या पायरीवर बरोबर एक पर्याय उरतो, ती पायरी हवी.

अटी काढूनही काही बसत नसेल तर बहुधा नात्याचा प्रकारच चुकला आहे. मग पहिल्या जोडीकडे पूर्ण नव्याने बघावं लागतं.

उत्तर झटकन मिळतं आणि तरीही चुकतं

घोळ झालेलाच नसतो, दोन पर्याय उरलेलेच नसतात, तरी उत्तर चुकतं. हा दोष मला सर्वांत काळजीचा वाटतो, कारण परीक्षेत तो जाणवतच नाही.

महाराष्ट्र : नागपूर :: हिमाचल प्रदेश : ?
(1) शिमला (2) मनाली (3) धर्मशाला (4) चंबा

राज्य आणि शहर दिसलं की हात आपोआप राजधानीकडे जातो. शिमला ही हिमाचलची राजधानी, पर्याय पहिलाच, उत्तर झालं. पण वाक्य मोठ्याने म्हणा: 'महाराष्ट्राची राजधानी नागपूर.' ते खोटं आहे. वाक्य पर्यायांवर चालवण्याआधी ते दिलेल्या जोडीवर खरं ठरतं का, हे बघायचं राहून गेलं. अशा प्रश्नांचे शेकडो नमुने सोडवून सवय इतकी पक्की होते की नागपूर वाचूनही मनात मुंबई वाचली जाते.

नागपूर ही उपराजधानी आहे. 1953 च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचं एक अधिवेशन तिथे भरतं, हिवाळ्यातलं. तर वाक्य झालं, 'महाराष्ट्राची उपराजधानी नागपूर, तिथे हिवाळी अधिवेशन भरतं'. हिमाचल प्रदेशात हे स्थान धर्मशालेचं आहे.

इथे कोणी म्हणेल की धर्मशालेबद्दल माहीतच नसेल तर वाक्य करून काय उपयोग. ही शंका रास्त आहे. समसंबंधात दोन वेगळी दुखणी एकत्र येतात, एक नातं न ओळखण्याचं आणि दुसरं माहिती नसण्याचं, आणि दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. पण माहिती नसतानाही वाक्य काहीतरी काम करतं. धर्मशाला ठाऊक नसली तरी 'राजधानी नव्हे' एवढं कळल्यावर शिमला हमखास बाद होतं. तसंच 'तापमापी : तापमान :: हायग्रोमीटर : ?' असा प्रश्न असेल आणि पर्यायांत आर्द्रता, ढग, उंची, इंद्रधनुष्य असतील, तर हायग्रोमीटर म्हणजे काय हे न आठवताही 'उपकरण आणि ते मोजतं ती राशी' या वाक्याने ढग आणि इंद्रधनुष्य जातात, कारण त्या मोजायच्या राशीच नाहीत. उरलेल्या दोनांत आर्द्रता बरोबर आहे, पण ते फक्त माहितीने ठरतं.

म्हणून सराव परीक्षा तपासताना चुकलेल्या प्रत्येक समसंबंधाशेजारी आपलं त्या वेळचं वाक्य लिहा. बरोबर उत्तर नव्हे, वाक्य. वाक्य नेमकं होतं आणि उत्तर चुकलं, तर सामान्य ज्ञानाची वही उघडा. वाक्य कच्चं होतं किंवा लिहायला काही सुचतच नाही, तर आणखी माहिती पाठ करून हा दोष जाणार नाही. काही आठवड्यांत आपला दोष कोणत्या बाजूचा आहे ते त्या वहीतच दिसू लागतं.

संख्यांच्या जोड्या

संख्यांमध्ये वाक्याऐवजी नियम असतो, पण दुखणं तेच. फरक एवढाच, की दोन संख्यांच्या एका जोडीवर कितीही नियम बसवता येतात. म्हणून इथे एक नियम सापडला की थांबणं शब्दांपेक्षाही धोक्याचं.

8 : 4 :: 27 : ?
(1) 9 (2) 12 (3) 18 (4) 23

8 चं निम्मं 4. तर 27 चं निम्मं 13.5, पर्यायांत नाही. 8 मधून 4 वजा केले की 4. तर 27 मधून 4 वजा करून 23, आणि तो पर्याय आहे. 8 हा 2 चा घन आणि 4 हा 2 चा वर्ग. तर 27 हा 3 चा घन, 3 चा वर्ग 9, आणि तोही पर्याय आहे. शब्दांसारखंच झालं, दोन टिकले.

इथेही तोच प्रश्न विचारा: 27 च का? 'चार वजा करा' हा नियम कोणत्याही संख्येवर चालतो. प्रश्न काढणाऱ्याला तोच हवा असता तर त्याने 19 ठेवले असते किंवा 30 ठेवले असते. 8 आणि 27 या दोन्ही नेमक्या घनसंख्या आहेत, हे योगायोगाने घडलेलं नाही. जो नियम दिलेल्या संख्यांची निवडही समजावून सांगतो, तो निवडायचा. उत्तर 9.

त्यासाठी 1 ते 20 चे वर्ग आणि 1 ते 10 चे घन डोळ्यांसमोर हवेत. 27, 64, 125, 216 किंवा 121, 169, 289 अशा संख्या दिसल्या की त्या ओळखू यायला हव्यात, आणि त्यांच्या एक-दोन अलीकडच्या-पलीकडच्याही. 7 : 50 दिसलं की 50 म्हणजे 49 अधिक 1 हे सुचलं पाहिजे.

आता एक असा नमुना, जिथे ही कसोटीही अपुरी पडते.

6 : 42 :: 9 : ?
(1) 63 (2) 81 (3) 90 (4) 99

42 म्हणजे 6 ची सातपट. त्या नियमाने 63. किंवा 42 म्हणजे 6 गुणिले त्याच्या पुढची संख्या 7. त्या नियमाने 9 गुणिले 10, म्हणजे 90. दोन्ही नियम दिलेल्या जोडीवर पूर्ण खरे आहेत, दोन्ही उत्तरं पर्यायांत आहेत आणि 6 किंवा 9 या संख्यांमध्ये निवड ठरवणारं काही खास नाही. 'सोपा नियम घ्या' असं कोणी सांगतं, कोणी 'असे प्रश्न नेहमी पुढच्या संख्येच्या गुणाकाराचे असतात' असं सांगतं. यांपैकी एकालाही प्रश्नात आधार नाही. इथे दोष तुमच्या पद्धतीत नाही, प्रश्नात आहे. एका जोडीऐवजी दोन जोड्या दिल्या असत्या, समजा 6 : 42 च्या शेजारी 5 : 30 असतं, तर पाचची सातपट 35 होते म्हणून पहिला नियम तिथेच पडला असता.

असा प्रश्न परीक्षेत आला तर दोन्ही नियम कच्च्या कामाच्या जागेत लिहून ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नसतील तर एक पर्याय नोंदवा आणि पुढे जा, तिथे जास्त वेळ घालवून तिसरं काही सापडणार नाही. गुण वजा होत असतील तर दोनातला एक निवडण्याची जोखीम त्या परीक्षेतल्या वजाबाकीच्या प्रमाणावर ठरवा. आणि पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा मुदतीत हरकत नोंदवा. हरकतीत 'माझं उत्तर बरोबर आहे' असं लिहू नका. दोन्ही नियम, दोन्ही आकडेमोडी आणि दोन्ही उत्तरं पर्यायांत असल्याचं, अशा तीन ओळी लिहा.